n साडेआठ आणि Q ५०० आला, तरी चाचण्या बरोबर असू शकतात

प्रश्न: सर, गॅमा प्राइमवाल्या निकेल सुपरअलॉयच्या पाच क्रीप चाचण्या केल्या. ८५० अंश सेल्सिअसला २००, २५० आणि ३०० मेगापास्कलवर स्थिर अवस्थेतला दर १००० तासांना ०.७२, ५.४ आणि २३ टक्के आला. २५० मेगापास्कलवरच ८२० अंशांना १.२४ आणि ८८० अंशांना २१.८ टक्के. यावरून स्ट्रेसचा घातांक n सुमारे ८.५ आणि सक्रियण ऊर्जा Q सुमारे ५०० किलोज्यूल प्रति मोल येते. पुस्तकात n पाच आणि निकेलसाठी Q २८५ च्या आसपास दिलाय. माझ्या चाचण्या चुकल्या का? आणि हे आकडे घेऊन टर्बाइन ब्लेडचा क्रीप काढला तर चालेल का?

उत्तर: चाचण्या चुकलेल्या दिसत नाहीत. पण ब्लेडसाठी हे आकडे असेच वापरू नका. या दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

क्रीप म्हणजे गरम धातू कायम भाराखाली हळूहळू ताणत जाणं. पुस्तकातला पाच हा आकडा शुद्ध धातूचा आहे. तापलेल्या धातूवर ताण दिला की आतली डिसलोकेशन्स, म्हणजे स्फटिकरचनेतल्या रेषेसारख्या त्रुटी, सरकतात, एकमेकांत अडकतात आणि धातू कडक होत जातो. त्याच वेळी उष्णतेमुळे अडकलेली डिसलोकेशन्स आपला स्लिप प्लेन सोडून वरच्या किंवा खालच्या प्लेनवर चढतात आणि मोकळी होतात. कडक होणं आणि मोकळं होणं यांचा वेग सारखा झाला की दर स्थिर राहतो. चढायचं तर अणूंनी जागा बदलायला हवी, म्हणजे विसरण हवं. म्हणून शुद्ध निकेलच्या क्रीपची सक्रियण ऊर्जा निकेलच्या स्वतःतल्या विसरणाच्या ऊर्जेइतकीच येते. घातांकाचंही थोडं गणित करता येतं. डिसलोकेशन्सची दाटी स्ट्रेसच्या वर्गाबरोबर वाढते आणि त्यांचा चढण्याचा वेग साधारण स्ट्रेसच्या प्रमाणात, म्हणजे तीन तरी यायलाच हवा. प्रत्यक्षात चार ते पाच मिळतो. वरचा एक-दीड कुठून येतो यावर बरीच वर्षं चर्चा चालू आहे, पण मोजमाप पक्कं आहे.

तुमच्या धातूत मात्र गॅमा प्राइमचे, म्हणजे निकेल-ॲल्युमिनियम संयुगाचे, कण ठासून भरलेले आहेत. तुम्ही लावलेला सगळा स्ट्रेस डिसलोकेशनला मिळत नाही, त्यातला काही भाग कणांना पार करण्यातच खर्च होतो. त्याला आपण विरोधी स्ट्रेस म्हणू, σ₀. मग समीकरण असं होतं:

```
rate = A ((σ − σ₀) / E)^n exp(−Q / RT)
```

यात E म्हणजे धातूचा स्थितिस्थापकता गुणांक. तुमचेच आकडे यात घालून बघू. आधी एक गोष्ट तपासा, जी बहुतेक जण तपासत नाहीत. n काढताना तुम्ही तिन्ही बिंदूंतून एकच सरळ रेषा काढली आहे. दोन-दोन बिंदूंचा उतार वेगळा काढा. २०० ते २५० मध्ये दर साडेसात पट झाला, तिथे n नऊ येतो. २५० ते ३०० मध्ये तो ४.२६ पट झाला, तिथे n आठच्या जरा खाली येतो. म्हणजे लॉग-लॉग आलेखावरची तुमची रेषा सरळ नाही, कमी स्ट्रेसकडे ती जास्त उभी होते आहे. σ₀ असल्याची ही पहिली खूण. स्ट्रेस σ₀ च्या जितका जवळ, तितका प्रत्येक मेगापास्कल वजनदार.

आता n पाच धरा आणि प्रत्येक दराचं पाचवं मूळ काढा. ०.७२ चं ०.९४ येतं, ५.४ चं १.४० आणि २३ चं १.८७. हे आकडे साध्या आलेखावर, लॉग न घेता, स्ट्रेससमोर मांडा. पहिल्या दोघांत ०.४६ चं अंतर आहे, पुढच्या दोघांत ०.४७ चं. यापेक्षा सरळ रेषा क्रीपमध्ये क्वचितच मिळते. ती खाली वाढवली की १०० मेगापास्कलला शून्य गाठते. म्हणजे ८५० अंशांना तुमच्या धातूचा σ₀ साधारण १०० मेगापास्कल. तुम्ही २०० लावलेत तेव्हा डिसलोकेशनला १०० मिळाले आणि ३०० लावलेत तेव्हा २००. खरा स्ट्रेस दुप्पट झाला, दर ३२ पट झाला. दोनचा पाचवा घात ३२. पुस्तक खोटं नव्हतं.

Q चंही तसंच. तापमान वाढवलं तेव्हा विसरणाचा वेग वाढलाच, पण त्याबरोबर आणखी दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे E उतरला. या तापमानाला तो दर अंशाला ०.०५ टक्क्याच्या आसपास घटतो. घातांक पाच असल्यामुळे ही किरकोळ वाटणारी घट Q मध्ये २५ किलोज्यूलच्या आसपास भर घालते. दुसरी, जास्त मोठी गोष्ट म्हणजे σ₀ उतरला. तापमान चढलं की गॅमा प्राइमचा काही भाग विरघळतो आणि उरलेले कण ओलांडणंही सोपं होतं. समजा σ₀ ८२० अंशांना ११६ आणि ८८० ला ८४ असेल, तर २५० लावल्यावर डिसलोकेशनला एकीकडे १३४ आणि दुसरीकडे १६६ मिळतात. या फरकाचा पाचवा घात घेतला तर जवळपास तीन पट. E मुळे सुमारे १.१६ पट. उरलेली ५.१ पट वाढ विसरणाची, आणि तिची ऊर्जा बरोबर २८५. तिघांचा गुणाकार करा, १७ च्या वर येतो. तुम्ही मोजलेली वाढ १७.६ पट आहे. ११६ आणि ८४ हे आकडे मी हिशेब जुळवण्यासाठी घेतलेत. ते खरे आहेत का हे बघायला त्या दोन तापमानांनाही दोन-दोन स्ट्रेस अजून लावावे लागतील.

म्हणजे तुमचे ८.५ आणि ५०० हे धातूच्या एखाद्या मूळ प्रक्रियेचे आकडे नाहीत. चार-पाच गोष्टी एकत्र बदलल्याचा तो परिणाम आहे. आम्ही त्यांना आभासी n आणि आभासी Q म्हणतो. आभासी म्हणून टाकाऊ मात्र नाहीत. तुम्ही जिथे चाचण्या केल्या त्या पट्ट्यात, २०० ते ३०० आणि ८२० ते ८८० च्या दरम्यान, ते चोख काम देतात. उदाहरणार्थ, ८५० ऐवजी ब्लेड ८६५ वर चाललं तर काय, हे विचारायचं असेल तर आभासी Q च घ्यायचा. ५०० ने १५ अंशांत दर दुप्पट होतो. २८५ घेतला असता तर दीडपटच आला असता आणि तुम्ही धोका कमी लेखला असता. कूलिंगचं एखादं भोक बुजून ब्लेडचा एक पट्टा १५ अंशांनी तापला तर तिथलं आयुष्य अर्ध्यावर येतं, आणि हे त्या "चुकीच्या" वाटणाऱ्या ५०० मुळेच आधी कळतं.

आता ब्लेडकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. एक साधं ब्लेड धरू. मुळाशी त्रिज्या ३० सेंटीमीटर, टोकाशी ३५, वेग मिनिटाला १०,००० फेरे, घनता ८२०० किलो प्रति घनमीटर, आणि वरपासून खालपर्यंत छेद सारखाच. कुठल्याही छेदावर त्याच्या वरचा सगळा धातू बाहेर ओढत असतो, त्याचा स्ट्रेस:

```
σ = ρ ω² (r_tip² − r²) / 2
```

मुळाशी १४६ मेगापास्कल येतात, एक तृतीयांश उंचीवर १००, मध्यावर ७६. वायूच्या धक्क्याने येणारं वाकणं यात धरलेलं नाही, आणि खरं ब्लेड टोकाकडे निमुळतं असतं म्हणून आकडे थोडे खालीच येतील. मुळाशी स्ट्रेस सर्वांत जास्त, पण तिथे ब्लेड डिस्कला जोडलेलं, तुलनेने थंड. सगळ्यात गरम भाग मध्याच्या आसपास, पण तिथे वर ओढणारा धातू निम्माच. म्हणून क्रीपच्या दृष्टीने वाईट जागा बहुधा या दोघांच्या मधे कुठेतरी पडते. आपण एक तृतीयांश उंची धरू आणि तिथे ८५० अंश धरू. स्ट्रेस १००.

बघा काय झालं ते. तुमच्या आभासी n ने हिशेब केला तर दर १००० तासांना साधारण ०.००२ टक्के येतो. एक टक्का ताणायला पाच लाख तास, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं. मी वर इतक्या हौसेने काढलेल्या σ₀ ने केला तर दर चक्क शून्य येतो, कारण १०० वजा १०० शून्य. दोन्ही उत्तरांवर कुणीही ब्लेड बसवू नये. एक तृतीयांश उंचीचं सोडा, या ब्लेडवरचा एकही छेद २०० च्या जवळ जात नाही. तुमची सगळी मोजमापं ब्लेडच्या स्ट्रेसच्या वर आहेत आणि तुम्ही खाली उडी मारताय.

ही उडी धोक्याची का? एक तर σ₀ कायम टिकत नाही. ८५० अंशांना गॅमा प्राइमचे छोटे कण विरघळतात आणि मोठे त्यांच्या जिवावर वाढतात. कणाच्या सरासरी त्रिज्येचा घन वेळेच्या प्रमाणात वाढतो. ३०० मेगापास्कलची तुमची चाचणी काही दिवसांत संपली असेल, तेवढ्यात कण फारसे बदलत नाहीत. ब्लेड हजारो तास त्या तापमानात राहतं. कण मोठे झाले, त्यांच्यातलं अंतर वाढलं, की डिसलोकेशनला वाट मोकळी होते. आणि σ₀ च्या खालीही क्रीप थांबत नाही. पुरेसा वेळ दिला तर डिसलोकेशन कणावर हळूहळू चढून पलीकडे जातंच.

दुसरं म्हणजे कमी स्ट्रेसवर यंत्रणाच बदलू शकते. जास्त स्ट्रेसवर डिसलोकेशन्सचं काम इतकं वेगात चालतं की बाकीचं काही दिसत नाही. स्ट्रेस उतरवला की त्यांचा दर पाचव्या किंवा आठव्या घाताने कोसळतो, पण नुसत्या विसरणाने होणारा क्रीप स्ट्रेसच्या पहिल्याच घाताने उतरतो. आधी झाकलेला तो आता वर येतो. किती फरक पडतो ते बघा. तुमच्या रेषेने १५० ला दर ०.०६२ येतो. तिथून खाली n एक झाला असं धरलं तर १०० ला दर ०.०४ च्या आसपास राहतो. ०.००२ च्या जागी ०.०४, म्हणजे वीस पट. पन्नास-पंचावन्न वर्षांची अडीच-तीन वर्षं झाली. तुमच्या धातूत हे १५० लाच घडेल असं मी म्हणत नाही. तुमच्या पाच चाचण्यांपैकी एकही "असं घडणार नाही" असं सांगू शकत नाही, एवढंच म्हणतो. ग्रेन बाउंडरी, म्हणजे धातूतल्या स्फटिकांच्या सीमा, स्ट्रेसला आडव्या असतील तर अशा मंद क्रीपमध्ये त्यांच्यावर बारीक पोकळ्या धरतात आणि तुकडा थोडंच ताणून तुटतो. एकाच दिशेने गोठवलेली आणि पुढे सिंगल क्रिस्टल ब्लेड्स आली ती मुख्यतः या आडव्या बाउंडरी काढून टाकण्यासाठी.

मग करायचं काय? तापमान ९५० ला नेऊन चाचणी लवकर उरकावी असा मोह होतो. मीही सुरुवातीला तेच केलं होतं, आणि मिळालेला Q पाहून दोन आठवडे डोकं धरून बसलो होतो. तिथे गॅमा प्राइमचं प्रमाणच वेगळं असतं, कण ताणाच्या दिशेला आडवे जुळून पट्टे बनू शकतात. तुम्ही जणू दुसऱ्याच धातूची चाचणी घेता. तापमान थोडं वाढवणं ठीक, वीस-तीस अंश, पण स्ट्रेस मात्र ब्लेडच्या जवळ न्यायलाच हवा.

माझा सल्ला असा: ८५० अंशांना १५० मेगापास्कलवर एक लांब चाचणी लावा, २००० तासांची, म्हणजे जवळपास तीन महिने. ती तुटायची वाट बघायची नाही, दर मिळाला की पुरे. हाच स्ट्रेस निवडण्याचं कारण असं की इथे दोन हिशेब वेगळे पडतात. आभासी n म्हणतो १००० तासांना ०.०६२ टक्के. σ₀ वाला म्हणतो ०.०२२, कारण डिसलोकेशनला ५० च मिळतात, २०० च्या चाचणीच्या निम्मे, आणि दर ३२ व्या हिश्शावर येतो. ०.०२२ च्या आसपास आलं तर σ₀ या काळापुरता टिकतोय. ०.०६२ च्या आसपास आलं तर कण वाढून σ₀ उतरला आहे असा संशय घ्या. त्याहून बरंच जास्त आलं तर यंत्रणाच बदलली असण्याची शक्यता धरा, आणि तुमचे जुने n आणि Q ब्लेडच्या हिशेबातून बाद.

हे मोजता येईल का, अशी शंका येईल. नमुन्याचा मोजायचा भाग, म्हणजे गेज, ५० मिलिमीटरचा धरू. शेवटच्या ५०० तासांत पहिल्या हिशेबाने तो साडेपंधरा मायक्रॉन लांबतो, दुसऱ्याने साडेपाच. तापमान एका अंशाने सरकलं तर नुसत्या प्रसरणाने तोच गेज ०.८ मायक्रॉन हलतो. म्हणजे भट्टी एक अंशात धरली तर जमतं, पण भट्टीबाहेरचं विसरू नका. आमच्या एका जुन्या चाचणीत रोज पहाटे स्ट्रेन उतरायचा आणि दुपारी चढायचा. धातू आखडतोय की काय, असं वाटावं इतका. भट्टीचं तापमान अगदी स्थिर होतं. एक्सटेन्सोमीटरचे पाय आणि ट्रान्सड्यूसर भट्टीच्या बाहेर होते आणि रात्री खोलीचा एसी बंद होत होता. त्या दिवसापासून मी स्ट्रेनच्या शेजारी खोलीचं तापमानही नोंदवतो आणि वाचन रोज एकाच वेळचं घेतो. थर्मोकपल गेजला दोरीने घट्ट बांधलेलं आहे ना, हेही बघा. तीन अंशांची चूक तुमच्या आभासी Q ने दरात सुमारे १५ टक्के फरक पाडते.

"स्थिर अवस्था" या शब्दाबद्दलही सावध राहा. शुद्ध धातूत ती खरोखर लांब चालते. सुपरअलॉयमध्ये दर उतरतो, एका तळाला टेकतो आणि लगेच हळूहळू चढू लागतो. स्ट्रेन-वेळ आलेख डोळ्यांना सरळ दिसतो, पण तिथे सरळ भाग नसतोच. म्हणून दराचा लॉग स्ट्रेनसमोर काढा आणि तळ शोधा. तुमच्या पाचही चाचण्यांत दर तळावरचाच घेतलाय का, की डोळ्यांनी सरळ वाटलेल्या भागाचा, हे पुन्हा तपासा. ८२० ची चाचणी तळाला टेकण्याआधीच थांबवली असेल तर तिचा दर प्रत्यक्षापेक्षा मोठा नोंदला गेला असेल, आणि Q तुम्ही म्हणता त्याहून जास्त असेल. १५० च्या चाचणीत ही शक्यता सर्वांत मोठी. २००० तासांनंतरही दर उतरतच असेल तर चाचणी चालू ठेवा.

चाचणी थांबवताना भार तसाच ठेवून थंड करा, म्हणजे डिसलोकेशन्स होत्या त्या जागी राहतील. मग दोन तुकडे कापा, एक गेजमधून आणि एक ग्रिपमधल्या जाड डोक्यातून. डोक्यालाही तेवढेच तास उष्णता मिळाली आहे, पण स्ट्रेस नगण्य. दोघांतल्या गॅमा प्राइमचा आकार एसईएममध्ये मोजा आणि शेजारी न वापरलेल्या धातूचा तुकडा ठेवा. डोक्यातले कण मूळ धातूपेक्षा किती वाढले ते तुम्हाला वेळेचा परिणाम सांगेल, आणि गेजमधले डोक्यापेक्षा वेगळे दिसले तर तो स्ट्रेसचा. हा आकार आणि १५० चा दर हाती आला की पुन्हा लिहा. १०० मेगापास्कलच्या छेदाचा हिशेब तेव्हा मांडू.